आईंचा डावा कान

आईंनी चहाचा कप तसाच टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "पोरी, माझा डावा कान गेला वाटते."

मी पोळी लाटत होते. लाटणं हातात तसंच राहिलं. आई म्हणजे माझ्या नव्हेत, ज्या घरी मी सिंगापूरला कामाला आहे त्या घरातल्या दादांच्या. त्या अमरावतीच्या, मी दारव्ह्याकडची. त्यामुळे त्या माझ्याशी घरातल्यासारखं वऱ्हाडी बोलतात आणि मला 'पोरी' म्हणतात, आणि मी चाळिशी ओलांडलेली बाई त्या हाकेला लहान पोरीसारखी धावून जाते.

"काय झालं, आई?"

"काय होईल. उजव्यात वंदना चालू आहे, डाव्यात ठणठणाट."

त्यांच्या दोन्ही कानांत ते पांढरे इअरबड होते. वायर नसलेले. रोज सकाळी अंघोळ झाली की त्या ते कानात घालून बुद्धवंदना ऐकत, मग धाकट्या बहिणीला फोन लावत. बड दादांनीच आणून दिले होते. आधी आई फोनचा स्पीकर लावायच्या, आणि आमच्या मरीन परेडच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दादा हार्बरफ्रंटच्या ऑफिसशी मीटिंग करत असले की पलीकडच्या माणसांनाही अमरावतीच्या मावशींच्या गुडघ्यांची खबर कळायची. दादा कधी रागावले नाहीत. एक दिवस डबी आणली, उघडून दाखवली, आणि म्हणाले, "आई, हे तुझ्यासाठी. आता निवांत ऐक." तेव्हापासून घर शांत झालं. दादांच्या कानात त्यांचे, वहिनींच्या कानात त्यांचे, मुलीच्या कानात तिचे, आईंच्या कानात आईंचे.

आणि आता आई म्हणत होत्या, डावा कान गेला.

आदल्या दिवशी दुपारी त्याच कानात मी लसणाचं तेल घातलं होतं.

ते असं झालं. आईंच्या कानात चार-पाच दिवस भुणभुण होत होती. एसीचं वारं लागतं, असं त्यांचं म्हणणं. वहिनी लॅबमध्ये काम करतात, संशोधक आहेत. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "आईंच्या कानात काहीही घालायचं नाही हं. काडी नाही, तेल नाही. त्रास वाढला तर डॉक्टर." माझ्याकडे बघूनच सांगितलं होतं, आणि मी मान हलवली होती. पण दुपारी घरात आम्ही दोघीच. आई कान धरून बसलेल्या.

"तिळाच्या तेलात लसणाच्या दोन पाकळ्या कडकव," त्या म्हणाल्या.

"वहिनी नको म्हणाल्यात."

"तिले सांगू नको."

"आई, मला भीती वाटते."

"तू काहून भेते? कान माझा आहे. माझ्या सासूनं घातलं, मायनं घातलं. कोणाचा कान गळून पडला का?"

माझ्या मायनंही घातलं होतं. आम्हा सगळ्या भावंडांच्या कानांत. वाटीतलं कोमट तेल मनगटावर टाकून बघायची, मग कापसाच्या बोळ्यानं एकेक थेंब. मी तसंच केलं. आई कुशीवर पडल्या होत्या, डोळे मिटून. तेल आत गेलं तेव्हा त्यांनी "आहा" केलं. मी वर कापूस लावला. संध्याकाळी वहिनी यायच्या आत त्यांनी कापूस काढून कचऱ्याच्या पिशवीत खोल दाबला आणि लगेच बड कानात घातले. बहिणीच्या फोनची वेळ झाली होती. कान तेलानं चमकत होता. मी माझ्याच ओढणीनं तो पुसला, आणि आईंनी बड काढून ठेवले तेव्हा तेही त्याच ओढणीनं पुसून डबीत ठेवले.

मग सकाळी हे.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा आईंनी त्यांनाही सांगितलं. वहिनींनी आईंच्या डाव्या कानाजवळ बोटं चोळून आवाज केला. "ऐकू येतंय?" आई म्हणाल्या, "येते, पण दूरून." उजव्या कानाशी केलं. "हे लखलखीत येते." वहिनींच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काल आईंच्या कानात काही गेलं का? अंघोळीचं पाणी वगैरे?"

माझं तोंड उघडलं. काय बोलणार होते ते अजूनही मला सांगता येत नाही.

"काहीच नाही गेलं," आईच म्हणाल्या. "वय झालं. वयासंगं कानही गेला असंल."

वहिनी हसल्या नाहीत. दादांनी मोबाईलवर कानाच्या डॉक्टरची तारीख घेतली. पुढच्या आठवड्यातली मिळाली. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. मी पोळ्या करत राहिले. त्या दिवशी माझ्या सगळ्या पोळ्या कडक झाल्या आणि कोणी काही बोललं नाही, ते मला जास्त लागलं.

मी सातवीतून शाळा सोडली. मोठ्या बहिणीला जुळं झालं, तिचा नवरा बाहेरगावी, मग पोरं सांभाळायला मला ठेवून घेतलं. "वर्षभर राहा, मग जा परत शाळेत," असं म्हणून. ते वर्ष काही संपलं नाही. त्यानंतर दुसऱ्यांची पोरं, दुसऱ्यांची म्हातारी माणसं, हेच काम. नागपूरला वहिनींच्या मावशींकडे होते तेव्हा त्यांनी माझं नाव इथे सुचवलं. कामाचा परवाना, तपासण्या, विमान, सगळं वहिनींनी निस्तरलं. इथे आल्यावर पहिल्या रविवारी स्वतः सोबत येऊन एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसायला शिकवलं, कार्ड कुठं टेकवायचं, चुकलं तर कोणाला विचारायचं. पुढे एकदा पाया लेबारच्या स्टेशनात गाडी बदलताना मी हरवले, तर लॅबमधून फोनवर बोलत बोलत मला बाहेर काढलं. मला रविवारची सुट्टी आहे, दाराला आतून कडी असलेली माझी खोली आहे. रविवारी माझ्यासोबत बागेत बसणाऱ्या, दुसऱ्या घरी कामाला असलेल्या बायकांकडून मी काय काय ऐकते, आणि मग रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला वाटतं, माझी एवढी पुण्याई कुठली.

म्हणून मी भिते. ज्याला काही मिळालेलंच नाही त्याला काय भीती.

पहिले दोन दिवस मी नुसती आईंच्या कानाकडे बघत होते. त्या झोपल्या की वाकून बघायचे, पू नाही ना, रक्त नाही ना. कानात अंधार. डॉक्टर त्यांचा तो दिवा लावून आत बघेल आणि म्हणेल, इथं तेल कोणी घातलं. मग वहिनी माझ्याकडे बघतील. ओरडणार नाहीत. त्यांचा तो न ओरडणारा चेहराच माझ्या डोळ्यांपुढून हलेना. पण त्याहून वाईट म्हणजे, एका म्हाताऱ्या माणसाचा कान मी घालवला होता. परवाना गेला तर गावी जाईन. कान कुठून आणून देऊ?

आणि याच दिवसांत घरात एक वेगळीच गोष्ट घडत होती.

दादा संध्याकाळी आले की पहिल्यांदा आईंच्या उजव्या बाजूला बसायचे. "कान कसा आहे?" तिथून सुरू व्हायचं. डाव्यानं ऐकू येत नाही म्हणून खोलीतून हाक मारून भागत नव्हतं, जवळ यावं लागायचं. जवळ आलं की माणूस बसतो. बसला की बोलतो. दादांनी त्यांच्या ऑफिसातलं कुठलं जहाज कुठं अडकलंय ते आईंना सांगितलं. आईंनी त्यांना त्यांच्याच लहानपणीची, शेजारच्या म्हशीच्या पाठीवर झोपून गेल्याची गोष्ट सांगितली. दादा म्हणाले, "हे तू मला कधीच सांगितलं नाहीस." आई म्हणाल्या, "तू कधी बसलाच नाही."

जेवण झाल्यावर ते आईंना खाली फिरायला न्यायला लागले. उजव्या हाताला स्वतः. रस्त्याच्या बाजूला म्हणून नाही, कानाच्या बाजूला म्हणून. नातसुद्धा आपले बड काढून आजीच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन बोलायची. "आजी, यू वॉन्ट मायलो?" "काय?" "मायलो, आजी. हॉट वन." आजी इथल्या लोकांसारखं शेपूट लावून म्हणायची, "दे लाह." मग त्या चॉकलेटी दुधावरून दोघी हसायच्या.

मी भांडी घासताना ते हसणं ऐकायचे, आणि प्रत्येक वेळी मनात यायचं, हे सगळं माझ्या पापावर चाललंय.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी मी टेबल पुसत होते. आई गॅलरीत कुंड्यांना पाणी घालायला गेल्या होत्या. बड टेबलावर, वंदना फोनवर चालूच. उजवा बड तसाच बारीक आवाजात गुणगुणत होता, जवळ गेलं की ऐकू येत होता. डावा गप्प पडलेला.

मी डावा उचलला. त्यांची वस्तू मी कधी कानात घातली नव्हती. माझा कान, त्यांची वस्तू, कसंतरीच वाटलं. पण घातला. काही नाही. काढला, पुसला, पुन्हा घातला. काही नाही. उजवा घातला. "बुद्धं सरणं गच्छामि" असं स्पष्ट, मोठ्यानं कानात आलं.

मी तिथेच खुर्चीवर बसले. माझे दोन्ही कान धडधाकट होते. तेल माझ्या कानात नव्हतं. आणि तरीही डावा बोलत नव्हता. म्हणजे गेला तो बड होता.

दोन्ही बड डबीत ठेवून बघितले. उजव्याशेजारी छोटा दिवा लागला. डाव्याशेजारी लागला नाही.

मी धावत गॅलरीत गेले. आईंची डावी बाजू माझ्याकडे होती. मी हळूच, अगदी पुटपुटल्यासारखं म्हटलं, "आई, तुमचा कान चांगला आहे."

"हो," आई झारी न थांबवता म्हणाल्या.

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला आत्ता ऐकू आलं?"

"दोन दिवस झाले, येते. पयल्या दिवशी बुजला होता. तेलानं असंल. मंग सुटला. भुणभुणही गेली, तुह्या तेलानं बरं वाटलं."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी झारी खाली ठेवली. कुंडीतलं एक पिवळं पान तोडलं. "तो बसते ना वं माझ्यापाशी," त्या म्हणाल्या.

मी झारी उचलून भिंतीशी ठेवली.

"डॉक्टरच्या आदल्या दिवशी सांगू आपण," आई म्हणाल्या. "म्हणू, उघडला कान आपोआप. तोवर चालू दे. तुह्यं काय जाते?"

माझं काय जात होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. माझं सगळंच जात होतं. ती तारीख येईपर्यंत रोज वहिनींच्या समोर जाऊन भाजी वाढायची, डोळे खाली. मधेच वहिनी म्हणाल्या, लवकरची तारीख मिळाली, चला उद्याच, तर? कानात अजून तेल दिसलं तर? आई म्हणतील 'वय झालं', पण डॉक्टर कशाला म्हणेल. मी "बरं" म्हटलं. आणि दुपारी आई झोपल्यावर त्यांचा फोन आणि बडची डबी पिशवीत घालून बाहेर पडले. आईंच्या फोनला कुलूप नसतं. न विचारता घेतला. भाजी आणायला जाते म्हणून दाराशी चप्पल घालताना स्वतःलाच सांगितलं, आणि खरंच भाजीही आणली.

मार्केटच्या बाजूला, हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या, पलीकडे, मोबाईलचं सामान विकणारी एक चिनी आंटी बसते. काचा, कव्हरं, चार्जर. माझ्या फोनची काच तिनेच बसवली होती. मी डबी पुढे केली. "लेफ्ट नो साऊंड, आंटी."

तिनं विचारलंच नाही काही. चष्मा नाकावर ओढला, डावा बड उलटा करून दिव्याखाली धरला. त्याच्या दांडीच्या टोकाला दोन बारीक पितळी ठिपके असतात. तेच ठिपके डबीतल्या खाचेत टोचणाऱ्या पिनांना टेकले की चार्ज होतो. आंटीनं कोरडी कापसाची काडी फिरवली. काडी काळी आणि चिकट झाली. तिनं ती माझ्यासमोर धरली.

"दिस वन ऑइली. यू कुकिंग, ईअरफोन वेअरिंग?"

मी मान हलवली. हो की नाही ते मलाच कळलं नाही.

खाचेतल्या पिना तिनं पुसल्या, जाळीवरून कोरडा ब्रश फिरवला, आणि मला हातानंच समजावून सांगितलं. तेलाचा थर आला की ठिपके पिनांना टेकत नाहीत. बड डबीत आहे असं आपल्याला दिसतं, पण डबीला ते कळत नाही. चार्ज होत नाही, मरून पडतो. उजवा एकटाच फोनशी जातो.

डावा ठेवल्यावर आता त्याच्याशेजारी दिवा लागला. माझ्या जीवात जीव आला. जरा चार्ज झाल्यावर तिनं दोन्ही बाहेर काढले, आईंच्या फोनवर काहीतरी लावलं, माझ्या कानात घातले. उजव्यात आवाज. डाव्यात नाही.

"नाही," मी म्हटलं. मराठीतच.

"वेट, वेट. दे फर्गेट ईच अदर," आंटी म्हणाली. आणि मग दोन्ही बोटं एकमेकांना लावून, लांब नेऊन, पुन्हा लावून दाखवली. दोघांची सोबत सुटली होती. डावा इतके दिवस मेलेला, उजव्यानं त्याच्याशिवायच चालवलं होतं. आता डावा जिवंत झाला तरी उजव्याला त्याची ओळख नव्हती.

तिनं फोनच्या ब्लूटूथच्या यादीत जाऊन बडचं जुनं नाव पुसून टाकलं. नुसतं बंद नाही, पुसलंच. मग दोन्ही बड डबीत ठेवले. डबीच्या पाठीवर बारीक बटन आहे, जे मी कधी बघितलंच नव्हतं. झाकण उघडं ठेवून ते बटन ती दाबून बसली. मला वाटलं विसरली की काय. मग दिवा भराभरा लुकलुकला, तेव्हा सोडलं. दोन्ही बड एकदम बाहेर काढले, शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही लुकलुकत होते. काही वेळानं एक शांत झाला.

"नाऊ फ्रेंड," आंटी म्हणाली. आता कुठं फोनच्या यादीत नाव पुन्हा आलं, तिनं त्यावर बोट ठेवलं. आधी दोघांची गाठ, मग फोनशी. क्रम उलटला तर पुन्हा एकच बोलेल.

दोन्ही कानांत वंदना आली. डोक्याच्या मधोमध. मी डोळे मिटले.

निघताना तिनं बटन दाखवून बोट हलवलं. "ओन्ली वन इनसाइड, डोन्ट प्रेस, लाह. प्रेस, दॅट वन फर्गेट." एकच बड डबीत असताना बटन दाबायचं नाही. तो एकटाच सगळं विसरतो, आणि जोडी पुन्हा तुटते. मी "थँक यू, आंटी" तीनदा म्हटलं.

घरी येताना मी ठरवलं होतं की आधी आईंना सांगायचं. खरंच ठरवलं होतं. पण घरी पोचले तर वहिनी त्या दिवशी लवकर आलेल्या, आई उठलेल्या, आणि थोड्या वेळात दादाही आले. आले ते सरळ आईंच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. मी चहा नेला. वहिनी म्हणाल्या, "मी डॉक्टरांकडे फोन केला होता. परवा एक जागा रिकामी झाली आहे, घेऊ का?"

मी ट्रे टेबलावर ठेवला.

"दादा," मी म्हटलं, "आईंचा कान ठीक आहे. बडच बिघडला होता. मी मार्केटमधून नीट करून आणला."

मी आईंकडे बघितलं नाही. डबी पुढे केली. दादांनी डावा बड काढला, आईंच्या डाव्या कानात घातला, फोनवर वंदना लावली.

"आई, ऐकू येतंय?"

आईंनी दादांकडे बघितलं. दादांचा हात अजून त्यांच्या कानाशी होता.

"येते," आई म्हणाल्या.

दादा जोरात हसले. हसता हसता डोळे पुसले. "अगं आई, आम्ही तुला बहिरी ठरवून टाकलं होतं. आणि मी इंजिनिअर, मी एकदाही बड तपासला नाही." वहिनींनीही सुटकेचा श्वास टाकला, म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून बरं." मला. 'तुम्ही' म्हणून. मग त्यांनी विचारलं, "नेमकं झालं काय होतं?"

"ठिपक्यांवर तेल बसलं होतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तेल? कानात बडवर तेल कुठून?"

मी ट्रेकडे बघत उभी राहिले. आता होतं ते होईल.

"केसाचं," आई म्हणाल्या. "मी चोपडून लावतो ना. कानावर ओघळते."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. वहिनी म्हणाल्या, "मग बड घालायच्या आधी पुसत जा हं, आई." आणि डॉक्टरची तारीख रद्द झाली.

आईंच्या त्या संध्याकाळी मी हिरावून घेतल्या होत्या, आणि आईंनी माझी अब्रू राखली होती. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भाजी निवडताना मी म्हटलं, "आई, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "मेथी जून आहे. कुठून आणली?"

दुसऱ्या संध्याकाळी दादा आले, आईंना "बरं वाटतंय ना आता?" विचारलं, आणि खोलीत मीटिंगला गेले. नात आपले बड घालून अभ्यासाला. आई सोफ्यावर, दोन्ही कानांत दोन्ही बड, दोन्ही चालू. टीव्हीवर आवाज न काढता कुठला तरी स्वयंपाकाचा कार्यक्रम चाललेला. फिरायला त्या माझ्यासोबत गेल्या. मी आपोआप उजव्या बाजूला चालायला लागले, तर म्हणाल्या, "इकडून चाल की तिकडून. दोन्हीकून आयकू येते आता."

त्या बोलण्यात टोमणा होता की नव्हता, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

दादांना मी काय दोष देणार. ज्या माणसानं मला एकदाही 'अरे तुरे' केलं नाही, माझ्या भाच्याच्या ॲडमिशनसाठी रात्री गावी फोन लावला, तो आईवर माया करत नाही असं मी कुठल्या तोंडानं म्हणू. त्यांना वेळ नसतो, एवढंच. काळजी लागली की वेळ निघतो. काळजी मिटवली कोणी? मी.

आठवडाभर मी हे मनात घोळवत राहिले. मग एका दुपारी, आई झोपल्या असताना, मी डबी उघडली. उजवा बड बाहेर काढून टेबलावर ठेवला. डावा एकटा आत. डबी उलटी करून ते बटन अंगठ्यानं दाबलं आणि दिवा भराभरा लुकलुकेपर्यंत धरून ठेवलं. मग उजवा परत ठेवला, झाकण लावलं, आणि पुसून जागेवर ठेवून दिली.

ज्यांच्या घरचं मीठ खाते त्यांची वस्तू मी मुद्दाम बिघडवली. आजवर मी त्या घरात एक बशीसुद्धा फोडलेली नाही.

संध्याकाळी आईंनी बड कानात घातले. डोकं जरा वाकडं केलं. डावा काढून बघितला. मी समोर लसूण सोलत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लसणाकडे बघितलं.

"अरे," आईंनी खोलीच्या दिशेनं हाक मारली, "हा डावा पुन्हा बंद पडला रे."

"कान की बड?" आतून दादा.

"बड, बड. कान चांगला आहे."

"मावशींना सांग ना, त्यांना जमतं."

मावशी म्हणजे मी. "मला नाही आठवत, दादा," मी म्हटलं. "त्या आंटीनं केलं होतं, मी नुसती बघत होते."

दादा बाहेर आले. एका कानात त्यांचा बड होता, तो त्यांनी काढून खिशात टाकला. आईंच्या शेजारी बसले, उजवीकडे. मोबाईलवर कुठं तरी वाचलं. "आधी जुनं नाव काढून टाकायचं म्हणे. आई, फोन दे."

"कसं करते, मले दाखव. एकेक सांग."

"हे बघ, इथं. ब्लूटूथ. हे आपलं नाव. हे पुसलं."

"पुसलं?"

"पुसलं. आता दोन्ही आत ठेव."

आईंनी आधी उजवा ठेवला. मग डावा हातात धरून, त्याचे ठिपके पदरानं पुसले, अगदी सावकाश, आणि विचारलं, "तुमचं ते अडकलेलं जहाज निघालं का रे?"

"कुठलं? अगं, ते. निघालं. पण गंमत झाली," दादा म्हणाले, आणि डबी मांडीवर ठेवून सोफ्याला टेकले. बटन दाबायचं राहिलंच.

मी लसणाची सालं गोळा केली आणि उठून आत गेले.